तडकलेला पाइप आणि आईची सही

माझी आई अंथुर्ण्यात एकटी राहते. मी बारामतीला एका दवाखान्यात नर्स आहे. आठवड्याच्या सुट्टीला गावी जायचं, आईची औषधं भरून ठेवायची, डाळी-पीठ बघायचं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या एसटीनं परत यायचं, असा माझा कित्येक वर्षांचा शिरस्ता. तात्या, म्हणजे माझे वडील, गेल्यापासून तर एकही आठवडा चुकवला नाही. पण एवढ्या वर्षांत मी आईच्या शेगडीमागं एकदाही वाकून बघितलं नव्हतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं मी दुसऱ्यांना बरंच काही बोलणार आहे.

त्या शनिवारी सकाळी गॅसची टाकी आली. नेहमीचा माणूस नव्हता. या लाइनीला नवीनच लागलेला, पन्नाशीचा, कानाला मफलर गुंडाळलेला एक गृहस्थ टाकी खांद्यावरून उतरवत ओट्यावर टेकला. आईनं मोबाइल लांब धरून त्यावर आलेला नंबर एकेक आकडा करत त्याला सांगितला. मग म्हणाली, "जोडून दे बाबा. माझ्या हातानं आता बसत न्हाय ते."

पोचवणारे बहुतेक जण टाकी दारात ठेवून निघून जातात. हा मात्र आत आला. सील तोडलं, टोपण काढून आतला वायसर बोटानं चाचपला, रेग्युलेटर बसवला. बसवताना 'खट्' असा आवाज यायला हवा, तो आला नाही. त्यानं पुन्हा उचलून बसवला. तरी नाहीच. रेग्युलेटर धरून थोडा हलवला, तर तो खिळखिळ्या दातासारखा हलला.

"मावशी, शेगडीचं काय चालू करू नका. जरा साबणाचं पाणी द्या," तो म्हणाला.

मी वाटीत फेस करून दिला. त्यानं शेगडीची बटणं बंद आहेत याची खात्री केली, रेग्युलेटरचं बटण फिरवलं आणि रेग्युलेटरच्या बुडाला फेस लावला. बारीक बुडबुडे आले. मग पाइपावरून हात फिरवत तो शेगडीमागं वाकला. तिथं पाइप भिंतीला दाबून वाकलेला होता. मूळचा नारिंगी रंग उडून पिवळट झालेला. वाकलेल्या जागी त्यानं फेस लावला आणि तिथं बुडबुडा नाही, बुडबुड्यांची रांगच उठली. पाइपाला आडव्या भेगा होत्या, आणि एका भेगेतून आतली तार दिसत होती.

त्यानं बटण बंद केलं, रेग्युलेटर काढला, टाकीला टोपण घट्ट बसवलं आणि टाकी उचलून सरळ अंगणात नेऊन ठेवली. दारं-खिडक्या उघडायला लावल्या.

"ताई, हे लावायचं न्हाय. रेग्युलेटर झिजलाय आन् पाइप तर गेलेलाच हाय. एजन्सीला मेसेज टाका, फोटोसकट. मी तोंडी सांगतोच, पर तोंडी सांगितलेलं तितं कुठं मुरतं ते कळत न्हाय. माझं नाव टाकलं तरी चालंल."

तो गेला. मी भिंतीला टेकून उभी राहिले. माझ्या नोकरीतली काही वर्षं भाजलेल्या पेशंटच्या वॉर्डात गेली आहेत. तिथल्या बायकांची पट्टी बदलताना त्या काय सांगतात ते मला पाठ आहे. सकाळी चहा ठेवायला गेले आणि काडी ओढली. एवढंच असतं ते. माझी आई रोज पहाटे उठून चहा ठेवते.

"त्याला फोन लाव की," आई म्हणाली. "घरचाच माणूस हाय. मेसेज कशाला?"

'तो' म्हणजे एजन्सीचा मेकॅनिक. आमच्याच गावचा. त्याच्याबद्दल सांगायला हवं. तात्या कारखान्यात फिटर होते. हा शाळा सोडून नुसता हिंडत होता तेव्हा तात्यांनी त्याला आमच्या पडवीत बसवून पाना धरायला शिकवलं, पाइपाला आटे पाडायला शिकवलं. पुढं एजन्सीत मेकॅनिक म्हणून तो लागला तेही तात्यांनी दोन ठिकाणी शब्द टाकला म्हणून. तात्यांना छातीत कळ आली त्या दिवशी मी बारामतीत ड्यूटीवर होते. त्यांना गाडीत घालून दवाखान्यात आणणारा तोच होता. तात्या गेल्यावर दर दिवाळीला तो आईला साडी आणायचा. आमच्या घरात शिरताना चप्पल काढून सरळ चुलीपर्यंत जायचा, झाकणं उचलून बघायचा, "आक्का, काय केलंय आज?" मला भाऊ नाही. कुणी विचारलं की आई एकटी कशी राहते, तर मी सांगायची, आमचा एक माणूस आहे तिथं.

मी फोन लावला. तो म्हणाला भिगवणला आलोय.

"पाइप? आक्काच्या घरचा?" त्यानं विचारलं. "बघतो, बघतो. सांजच्याला येतो. तुमी मेसेज-बिसेज काय टाकू नका ताई. उगं वर जातंय ते. मी हाय ना."

मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. उलट बरं वाटलं. मी आईला इंडक्शनची शेगडी काढून दिली, दोघींनी खिचडी खाल्ली आणि त्याची वाट बघितली. तो आला नाही. फोन लावला तर वाजत राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा लावला, तेव्हा बंद लागला. मला दुपारी परत जायचं होतं. टाकी अंगणात, आणि आई म्हणत होती, "यील तो, काम आसंल."

मी ओट्यावर बसून मेसेज लिहिला. एजन्सीच्या तक्रारीच्या नंबरवर पाठवला. अजून माझ्या मोबाइलमध्ये आहे:

"माझ्या आईच्या नावावर अंथुर्णे येथे घरगुती गॅसजोडणी आहे. ग्राहक क्रमांकासाठी गॅसच्या पुस्तकाचा फोटो जोडला आहे. काल सकाळी टाकी पोचवायला आलेल्या आपल्या माणसाने जोडून पाहिली तेव्हा रेग्युलेटर घट्ट बसत नव्हता व साबणाच्या पाण्याने गळती दिसली. पाइप शेगडीच्या बाजूला तडकला असून आतली तार दिसते. पाइपावर छापलेली मुदत संपून दोन वर्षे झाली आहेत. फोटो पाहावेत. टाकी टोपण लावून बाहेर ठेवली आहे. घरात सत्तरीच्या बाई एकट्या राहतात. पाइप व रेग्युलेटर बदलेपर्यंत गॅस वापरता येणार नाही. आजच माणूस पाठवावा. आपल्या माणसाने हे वेळेत दाखवले, त्याबद्दल त्याचे आभार."

मेकॅनिकचं नाव मी लिहिलं नाही. लिहायचं कारणच नव्हतं. तो फोन उचलत नाही याचा रागही मला तेव्हा आला नव्हता, नुसती काळजी वाटली होती.

तासाभरात उत्तर आलं. तक्रार नोंदवली, माणूस पाठवतो. आणि त्याच्याखाली दुसरा मेसेज:

"आपल्या जोडणीची पाच वर्षांची सक्तीची तपासणी गेल्या वर्षी झालेली आहे. नोंदीनुसार रेग्युलेटर ठीक, पाइप नवीन बसवला आहे. ग्राहकाची सही आहे. बाहेरून घेतलेला पाइप वापरला असल्यास जबाबदारी ग्राहकाची राहील."

मी ते तीन-चारदा वाचलं. मग उठून शेगडीमागं वाकले, पाइपावरचे छापील आकडे पुन्हा वाचले. जो पाइप गेल्या वर्षी नवीन बसवला म्हणत होते, त्याची मुदत त्या तपासणीच्या वेळीच संपलेली होती.

"आई, गेल्या वर्षी गॅसची तपासणी झाली होती?"

आई तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"आई."

"आला व्हता तो. कागद घिऊन."

"मग पाइप बदलला?"

"म्हणला, पाइप संपल्यात आक्का, पुढच्या हप्त्यात आणून बसवतो. महिना संपतोय, कागद आज द्यायचाय, सही करून ठेवा. केली."

"आणि मग?"

"मग काय. दोन बारी म्हणलं त्याला. व्हय व्हय म्हणला. पुन्हा म्हणायची लाज वाटाय लागली मला. रोजचं जेवणारं माणूस, त्याला काय सारखं टोकायचं?"

"रेग्युलेटर हलतो हे तुला माहीत होतं?"

"फडकं गुंडाळून बसवत हुते मी."

वर्षभर. मी दर आठवड्याला येत होते, तिच्या गोळ्यांच्या डब्यातले कप्पे मोजत होते, रक्तदाब लिहून ठेवत होते, आणि ती रोज पहाटे त्या टाकीच्या तोंडाला फडकं गुंडाळून काडी ओढत होती. मला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी त्याला बोलले असते, म्हणून नाही सांगितलं. माझ्यापासून तिनं त्याला वाचवलं होतं.

"मी तुझी मुलगी आहे की तो तुझा मुलगा?" मी म्हणाले. हे मी बोलायला नको होतं. आईनं सूप खाली ठेवलं आणि उठून मागच्या अंगणात गेली.

सोमवारी सकाळी एजन्सीचा दुसरा मेकॅनिक आला आणि पाइप-रेग्युलेटर दोन्ही बदलून गेला, हे मला शेजारच्या काकूंनी फोनवर सांगितलं. नव्या रेग्युलेटरचा नंबर पुस्तकात लिहिला, जुना घेऊन गेला. पाइपाचे पैसे घेतले नाहीत. दुपारी मला एजन्सीचा मेसेज आला: आपली तक्रार दूर झाली आहे, कृपया 'समाधान झाले' असे लिहून पाठवावे, म्हणजे तक्रार बंद करता येईल.

मी लिहिलं नाही. त्याऐवजी लिहिलं, की गेल्या वर्षीच्या तपासणीचा कागद मला बघायचा आहे.

त्यावर उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी फोन आला, एक बाई गोड आवाजात म्हणाल्या, "मॅडम, काम तर झालंय ना? आता कशाला?" मी म्हणाले, "कागद बघायला येते." आणि पुढच्या सुट्टीला अंथुर्ण्याला न उतरता तीच एसटी धरून सरळ इंदापूरला गेले.

एजन्सीचं ऑफिस साधंच. काउंटर, एक संगणक, भिंतीवर सुरक्षेचं पोस्टर. त्यात एक हसरी बाई पाइप तपासते आहे. मालकांनी मला आत बसवलं. भला वाटणारा, थकलेला माणूस. त्यांनी फाइल मागवली आणि कागद माझ्यासमोर ठेवला.

चौकटीत सगळीकडे बरोबरच्या खुणा होत्या. शेगडी टाकीपेक्षा उंचावर आहे का, बरोबर. रेग्युलेटर ठीक, बरोबर. गळती नाही, बरोबर. पाइप बदलला, बरोबर. आणि नव्या पाइपाची मुदतसुद्धा लिहिलेली. खाली मेकॅनिकची सही. त्याच्याशेजारी आईची, मोठ्या वाकड्या अक्षरातली, शेवटच्या अक्षरावरची रेघ कागदाबाहेर गेलेली. तात्यांनी तिला लग्नानंतर सही शिकवली होती. ती बँकेत आणि रेशनच्या दुकानात सोडून कुठं फारशी करत नाही.

"हा पाइप आमच्या घरात कधीच आला नाही," मी म्हणाले आणि जुन्या पाइपाचे फोटो दाखवले. छापील आकडे मोठे करून दाखवले.

मालकांनी चष्मा वर केला. आकडे वाचले. मग बाहेर हाक मारून त्याला बोलावलं. तो तिथंच होता, मला माहीत नव्हतं.

आत आला तेव्हा त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. मालकांनी कागद त्याच्या पुढं सरकवला.

"हे काय हाय?"

तो उभाच राहिला. "राहिलं साहेब."

"राहिलं म्हणजे? हा पाइप गेला कुठं?"

मी म्हणाले, "मला सांग. मला ऐकायचंय."

तेव्हा त्यानं बघितलं. "ताई, त्या महिन्यात रोज तीस-तीस घरं लावून दिली हुती. पाइप आले कमी. शेळगावात एका घरी पाइप न्हाय म्हणलं तर त्यांनी माझ्या अंगावर धावून यायचं बाकी ठिवलं. दुसऱ्या घरी म्हणले, मोबाइलवर शूटिंग करतो. मग जो भांडंल त्याला बसवला."

"आणि आमच्याकडं?"

"आक्काचं घर म्हणजे माझंच घर. म्हणलं, घरचं हाय, कवाबी करता यील. घरचं कुणी तक्रार करत न्हाय."

मालकांनी डोक्याला हात लावला. मला मात्र तो काय म्हणाला ते समजायला थोडा वेळ लागला. त्यानं आमचा पाइप विकून खाल्ला नव्हता. तसं असतं तर मला सोपं गेलं असतं. चोर म्हणून मोकळी झाले असते. त्यानं अनोळखी माणसांची कामं नीट केली होती, त्यांच्या भीतीपोटी. आणि आम्हाला मागं ठेवलं होतं, कारण आमची त्याला भीती नव्हती. आई त्याला जेवायला वाढत होती म्हणून तिच्या घरात तडकलेला पाइप राहिला.

"तात्यांनी तुला असं शिकवलं होतं?" मी विचारलं.

त्याचे डोळे भरले होते, ते मी बघितलं, पण मला कीव आली नाही. वॉर्डातल्या बायका आठवत होत्या.

मी मालकांना म्हणाले, "याच्या हातच्या सगळ्या कागदांची पुन्हा तपासणी करा. घरोघर जाऊन. तोवर मी समाधान झालं असं लिहून देणार नाही. आणि वरच्या कंपनीकडंही हे सगळं पाठवणार आहे." मालक म्हणाले, करतो. त्यांना वाटलं असेल मी रागात बोलतेय. मी एसटी स्टँडवर बसूनच तक्रार वर पाठवली. पाइपाचे फोटो, कागदाचा फोटो, आणि या वेळी मेकॅनिकचं नाव.

फेरतपासणी झाली. दोन आठवडे लागले. नंतर मालकांनी स्वतः फोन करून सांगितलं. शेकडो घरांमध्ये जवळजवळ सगळीकडं पाइप कागदावर होते तसेच बसवलेले निघाले. सात घरं तेवढी राहिलेली सापडली. एक आमचं. एक त्याच्या सख्ख्या बहिणीचं, शेळगावातलं. एक त्याच्या चुलत्याचं. एक त्याच्या जुन्या मास्तरांचं. बाकीची तीनही ओळखीपाळखीचीच. सातही घरांतले पाइप बदलले. त्याला तपासणीच्या कामावरून काढून गोडाऊनमध्ये टाक्या चढवायला-उतरवायला लावलं. कमी तपासनीस आणि कमी पाइप देऊन महिनाअखेरीला पूर्ण याद्या मागणाऱ्या मालकांना काय झालं, ते मला कळलं नाही. वरून एक पत्र आलं म्हणाले. मी विचारलं, पत्रात काय आहे? ते म्हणाले, "समज दिलीय."

मग मी मेसेज पाठवला. 'समाधान झाले' नाही. लिहिलं: "पाइप व रेग्युलेटर बदलून मिळाले. तक्रार बंद करायला हरकत नाही."

आई माझ्याशी महिनाभर नीट बोलली नाही. जेवायला वाढायची, औषधं घ्यायची, विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायची. एकदा भाकरी थापताना माझ्याकडं पाठ करूनच म्हणाली, "बहिणीच्या घरी त्याला येऊ देत न्हाईत आता. तुझ्या मेसेजापायी."

"माझ्या मेसेजापायी?" मी म्हणाले. "आई, तू जळाली असतीस."

"जळाले न्हाय ना."

मी ताट घेऊन बाहेर ओट्यावर जाऊन बसले. मला वाटत होतं की त्या दोघांनी मिळून मला एका दाराबाहेर ठेवलं आहे, आणि आतून कडी लावणारी माझी आईच आहे. तिलाही माझ्याबद्दल तसंच काही वाटत असणार. तिच्या मते घरातली गोष्ट मी चार लोकांत नेली, सहीचा कागद परक्या माणसांपुढं पसरला, तात्यांनी जोडलेलं माणूस तोडलं. दोघींचं खरं होतं की काय, मला अजून ठरवता येत नाही. पण पाइप तडकला होता. त्याच्यात दोन मतं नव्हती.

दिवाळीला त्यानं साडी आणली नाही. आईनं वाट बघितली, हे मला कळत होतं.

संक्रांतीच्या आसपास एका रविवारी मी स्वयंपाकघरात होते आणि बाहेर मोटारसायकल थांबली. पावलं ओट्यापर्यंत आली आणि थांबली. मी डोकावलं. तो दारात उभा होता. वाळला होता, मनगटाला टाकीची कडा लागून झालेली जखम. आई पलंगावर बसली होती.

"आक्का, आत येऊ का?" तो म्हणाला.

माझ्या आठवणीत त्या घरात शिरताना त्यानं हे कधी विचारलं नव्हतं. आई "ये की" म्हणाली, पण तो हलला नाही. तो माझ्याकडं बघत होता. मी ये म्हणाले नाही, आणि जा असंही म्हणाले नाही. मग तो ओट्यावरच बसला, बाहेर पाय सोडून. आईनं मला चहा ठेवायला सांगितलं. मी ठेवला. आईनंच तो बाहेर नेऊन दिला. दोघं उसाच्या तोडीबद्दल, कुणाच्या तरी लग्नाबद्दल हळू आवाजात बोलत राहिले. मी आत शेगडीपाशी उभी राहून त्यांचं बोलणं ऐकत होते. कप विसळून उंबऱ्याशी ठेवून तो गेला.

"चांगला होता की नाही चहा, विचारलंस?" मी आईला म्हणाले.

"तू विचारायचंस," ती म्हणाली, आणि बऱ्याच दिवसांनी माझ्याकडं बघितलं.